पत्रात न लिहिलेले चाळीस मिनिटे

डिसेंबर महिना म्हणजे शाळाशाळांतून क्रीडा महोत्सवांचा हंगाम. या दिवसांत माझ्या दवाखान्यात संध्याकाळी खरचटलेले गुडघे, मुरगळलेले घोटे आणि सुजलेली बोटे घेऊन मुले येतात, आणि बहुतेकांच्या आईच्या हातात शाळेची एक चिठ्ठी असते. अशा चिठ्ठ्या मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे वाचत आलो आहे. त्यांतील एक पत्र मात्र मी आईवडिलांच्या परवानगीने छायाप्रत काढून ठेवले आहे. मुलाचे व शाळेचे नाव वगळून ते जसेच्या तसे येथे देतो.

‘मा. पालक, स. न. वि. वि. आज शाळेच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात खो-खोच्या सामन्यादरम्यान आपल्या पाल्यास कपाळास किरकोळ दुखापत झाली आहे. शाळेत तत्काळ प्रथमोपचार करण्यात आले असून वेदनाशामक गोळी देण्यात आली आहे. काळजीचे कारण नाही. तरी आपण आपल्या डॉक्टरांकडून धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घ्यावे, ही विनंती. कळावे.’

पत्रावर जावक क्रमांक होता, तारीख होती, शाळेचा गोल शिक्का होता आणि मुख्याध्यापिकांची सही होती. भाषा नेटकी होती. पत्र मुलाच्या दैनंदिनीत टाचून दप्तरातून घरी पाठवलेले होते. आई शेतावरून परतली, साडेसहाच्या सुमारास तिने दप्तर उघडले आणि सात वाजता मुलाला घेऊन दोघे नवराबायको माझ्याकडे आले. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत शिकणारा. वडील म्हणाले, “डॉक्टरसाहेब, शाळेत पडलाय. तेवढं टीटीचं इंजेक्शन देऊन टाका.”

कपाळावर डाव्या भुवईच्या वर दोन-अडीच सेंटीमीटरचे खरचटलेले होते. त्यावर जंतुनाशकाचा पिवळा डाग दिसत होता. जखम खरोखरच किरकोळ होती. धनुर्वाताविषयी म्हणाल, तर राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात दहाव्या वर्षी आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांची एकत्रित लस दिली जाते, आणि या मुलाला ती आदल्या वर्षी शाळेतच मिळालेली होती. लहानपणीचे डोसही पूर्ण होते. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी पत्राने त्यांना माझ्याकडे पाठवले होते, तिची गरजच नव्हती. पत्र मी बाजूला ठेवले आणि मुलाकडे पाहिले.

तो आईच्या खांद्यावर डोके टेकून बसला होता. डोळे मिटलेले. मी हाक मारली तेव्हा त्याने डोळे उघडले, नाव सांगितले, शाळा सांगितली, वार मात्र चुकीचा सांगितला आणि पुन्हा डोळे मिटले. “दिवसभर उन्हात खेळलाय, दमलाय,” असे आई म्हणाली. दमलेले मूल मला रोज दिसते. दवाखान्यात शिरताच इंजेक्शनच्या भीतीने त्याची झोप उडते. हे मूल सुई पाहूनही स्वस्थ होते. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. उजव्या कानाच्या जरा वर, केसांत दडलेली, हाताला लिबलिबीत लागणारी सूज होती. तेथे दाबताच तो कळवळला. त्या सुजेवर खरचटलेले नव्हते, रक्त नव्हते, म्हणून कोणी पाहिले नव्हते.

आता मला तीन गोष्टी तातडीने हव्या होत्या. मार नेमका कशावर बसला? त्यानंतरच्या काही क्षणांत मुलगा कसा होता? आणि तेव्हापासून आतापर्यंत तो सुधारत आला की उतरत गेला? मुलाला यातले काही आठवत नव्हते. त्याला सामना सुरू झाल्याचे आठवत होते आणि त्यानंतर एकदम मंडपात बसल्याचे. आईवडील तेथे नव्हते. पत्रात यांतील काहीच नव्हते. किती वाजता घडले, एवढेसुद्धा नव्हते.

मी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना दूरध्वनी केला. सद्गृहस्थांनी काहीही लपवले नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. सामना अकराला सुरू झाला, साधारण सव्वाअकरा-अकरा वीसला हे घडले. मुलगा पाठलाग करीत होता, खांबाला वळसा घालताना पाय घसरला आणि डोक्याची उजवी बाजू खांबावर आपटली. मग तो तोंडावर पडला, त्यात कपाळ खरचटले. खो-खोचा खांब जमिनीपासून सुमारे सव्वाशे सेंटीमीटर उंच, लाकडी, आणि जमिनीत घट्ट रोवलेला असतो. तो हलत नाही, त्यामुळे सारा मार डोके सोसते. “उठला का लगेच?” असे मी विचारले. “नाही, पंधरा-वीस सेकंद तसाच पडून होता. मग पाणी मारल्यावर उठला. उठल्यावर ‘सर, माझी पाळी झाली का?’ असं तीन-चारदा विचारत होता. आम्हाला वाटलं, खेळायची हौस आहे.” पुढची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती; ती शाळेतील मावशींना ठाऊक होती. बाराच्या सुमारास मुलगा मंडपामागे जाऊन ओकला होता. मावशींनी त्याला चूळ भरायला लावली, लिंबूसरबत दिले आणि ऊन लागले असेल म्हणून सावलीत निजवले. नंतर दुपारी डोके दुखते म्हणाला म्हणून कार्यालयातील पेटीतून त्याला पॅरासिटामोलची एक गोळी मिळाली. मग तो झोपला तो रिक्षा येईपर्यंत.

अकरा वीस ते बारा ही चाळीस मिनिटे पत्रात असती, तर आई साडेसहाला दप्तर उघडेपर्यंत कोणी थांबलेच नसते.

वाचकांना येथे कवटीची थोडी ओळख करून द्यायला हवी. कपाळाचे हाड जाड असते. कानशिलाचे हाड मात्र कवटीतील सर्वांत पातळ हाडांपैकी एक. त्याच्या आतल्या बाजूला एक बारीक खाच असते आणि तिच्यातून मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी रोहिणी जाते. कानशिलावर जोराचा मार बसून हाडाला चीर पडली, तर ही रोहिणी किंवा तिच्याजवळची नीला फाटू शकते आणि कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागते. मेंदूला प्रत्यक्ष इजा झालेली नसते, म्हणून मूल सुरुवातीच्या धक्क्यातून सावरते, उठते, बोलते, कधी कधी पुन्हा खेळायलाही लागते. आत साठणाऱ्या रक्ताला मात्र पसरायला जागा हवी असते, आणि कवटी तर ताणली जात नाही. दाब हळूहळू मेंदूवर येतो. डोकेदुखी वाढते, ओकारी होते, मूल सुस्तावते. पडणे आणि सुस्तावणे यांच्यामधला हा जो बरा दिसणारा काळ, तो काही मिनिटांचा असू शकतो, तसा काही तासांचाही. ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य नेमके त्याच काळात लिहिले जाते, आणि लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते त्या क्षणी खरेही असते.

एका डोळ्याची बाहुली मोठी होणे, हे या दुखण्याचे लक्षण बऱ्याच वाचकांनी ऐकलेले असते, आणि पुष्कळ शिक्षक विजेरीने बाहुल्या पाहून ‘ठीक आहे’ म्हणतात. बाहुली मोठी होते ती फार उशिरा. माझ्यासमोरच्या मुलाच्या दोन्ही बाहुल्या सारख्या होत्या आणि प्रकाशाने नीट आकसत होत्या. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो असतो, तर चुकलो असतो.

डोक्याला मार लागलेल्या प्रत्येक मुलाचा सीटी स्कॅन करायचा नसतो. त्यात क्ष-किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि बहुसंख्य मुलांच्या आत काहीही झालेले नसते. म्हणून डॉक्टर काही खुणा शोधतात. शुद्ध हरपली होती का, ओकाऱ्या झाल्या का, प्रसंग आठवतो का, मार किती जोराचा होता, डोकेदुखी वाढते आहे का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आत्ता मूल पूर्ण जागे आणि भानावर आहे का. एखादीच सौम्य खूण असेल तर काही तास नजरेखाली ठेवून निर्णय घेता येतो. खुणा एकापेक्षा अधिक असतील, किंवा मूल सुस्त असेल, तर थांबत नाहीत. शुद्धीचे मोजमाप पंधरा गुणांवर करतात. डोळे आपणहून उघडे न ठेवणारा आणि वार चुकणारा हा मुलगा त्या मोजपट्टीवर तेरा गुणांवर होता. दूरध्वनी ठेवला तेव्हा माझ्या मनात शंका उरली नव्हती.

मी वडिलांना बाहेर बोलावून सांगितले, “इंजेक्शन नको. आत्ताच्या आत्ता जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला हवं.” त्यांनी पत्र पुढे केले. “पण साहेब, शाळेनं तर काळजीचं कारण नाही असं लिहिलंय.” या एका वाक्याशी मला पाच मिनिटे झगडावे लागले. शिक्का असलेल्या कागदाचा आपल्याकडे केवढा भरवसा असतो! दरम्यान मुलगा माझ्या टेबलाशेजारी दुसऱ्यांदा ओकला आणि वाद मिटला. मी चिठ्ठीत वेळेसह सगळा वृत्तांत लिहिला, न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात कळवले आणि रुग्णवाहिकेत त्याला डोके किंचित उंच ठेवून पाठवले. पावणेदहाला सीटी स्कॅन झाला. उजव्या कानशिलाच्या हाडाला सरळ चीर होती आणि तिच्या आत रक्ताचा पातळ थर साठला होता, सर्वांत जाड जागी सात मिलिमीटर. शस्त्रक्रियेची तयारी ठेवून त्याला अतिदक्षता विभागात निरीक्षणाखाली ठेवले गेले. सकाळी पुन्हा स्कॅन केला, थर वाढलेला नव्हता. शस्त्रक्रिया लागली नाही. सहाव्या दिवशी तो घरी आला. तीन महिने धावणे-खेळणे बंद, शाळा मात्र दोन आठवड्यांनी आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. मुलगा नशिबाचा म्हणायचा, कारण तो थर वाढत गेला असता तर दप्तरातल्या त्या पत्राने खाल्लेले सात तास परत मिळाले नसते.

घरी आल्यावर चार दिवसांनी मुलाचे वडील शाळेत भांडायला निघाले होते. त्यांनी मलाही बरोबर बोलावले. मी गेलो, पण भांडायला नव्हे. मुख्याध्यापिका बाई फार व्यथित होत्या. त्यांनी मला आपल्या संगणकावर पत्राचा मसुदा दाखवला. तो वर्षानुवर्षे तोच होता. फक्त खेळाचे नाव आणि इजेची जागा बदलायची. “आम्ही पालक घाबरू नयेत म्हणून असं लिहितो,” त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, चहा आल्यावर, खरे कारणही आले. “जास्त तपशील लिहिला तर उद्या तोच आमच्याविरुद्ध वापरतील, अशी भीती वाटते, डॉक्टर.”

ही भीती खोटी म्हणता येणार नाही. पण रुग्णालयातील अनुभव मी त्यांना सांगितला. जखमी मूल रुग्णालयात दाखल होते तेव्हा तेथील डॉक्टर कित्येकदा वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतात, आणि मग प्रसंग कसा, केव्हा, कोणासमोर घडला हे विचारले जातेच. त्या वेळी मैदानावर लिहिलेला, वेळ नमूद असलेला साधा वृत्तांत शाळेच्या बाजूने बोलतो. ‘बाराला ओकारी झाली, बारा पाचला पालकांना दूरध्वनी केला’ अशी ओळ असलेले पत्र शाळेला सांभाळते. ‘काळजीचे कारण नाही’ ही ओळ मात्र संध्याकाळी सीटी स्कॅनच्या अहवालाशेजारी ठेवली की फार वाईट दिसते. इजा किरकोळ आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी शाळेने आपणहून अंगावर घेतलेली असते आणि ती पेलण्याचे साधन तिच्याकडे नसते. पाहिले तेवढेच लिहिले तर ती जबाबदारी उरत नाही.

त्या दुपारी आम्ही तिघांनी, म्हणजे बाई, क्रीडाशिक्षक आणि मी, नवा मसुदा तयार केला. मुलाचे वडील शेजारी बसून होते. त्यांच्याच मुलाचा प्रसंग घेऊन, तो दिवस पुन्हा उगवला असता तर पत्र कसे असते, ते आम्ही लिहून पाहिले:

‘मा. पालक, आज आपल्या मुलाच्या डोक्याला खेळताना मार लागला आहे. याबाबत आपल्याशी दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी दूरध्वनीवर बोलणे झाले आहे. हे पत्र डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत ठेवावे.

वेळ : सकाळी ११.२०. मार कसा लागला : खो-खो खेळताना पाय घसरून डोक्याची उजवी बाजू, कानाच्या वर, लाकडी खांबावर आपटली, त्यानंतर तोंडावर पडला. प्रत्यक्ष पाहणारे : क्रीडाशिक्षक.

लगेच काय दिसले : सुमारे १५ ते २० सेकंद हाकेला उत्तर दिले नाही. उठल्यावर एकच प्रश्न तीन-चार वेळा विचारला. झटका आला नाही. नाका-कानातून रक्त किंवा पाणी आले नाही. कपाळावर डावीकडे खरचटले आहे. उजव्या कानाच्या वर केसांत सूज आहे.

नंतर काय दिसले : १२.०० वाजता एकदा ओकारी. पडल्याचा प्रसंग आठवत नाही.

काय दिले : जखम स्वच्छ पाण्याने धुतली. पोटात कोणतेही औषध दिलेले नाही.

मुलगा आत्ता कोठे व कोणाजवळ आहे : वर्गशिक्षिकांसोबत आरोग्य केंद्रात.’

सारे मिळून एकशेवीसच्या आसपास शब्द. जुने पत्र सुमारे पन्नास शब्दांचे होते. लिहायला क्रीडाशिक्षकांना आठ मिनिटे लागली, तीही बोलत बोलत.

यातील काही ओळींवर आमची बरीच चर्चा झाली. ‘शुद्ध हरपली होती का’ असे छापील रकान्यात ठेवावे, असे बाईंचे मत होते. मी त्याऐवजी ‘किती वेळ हाकेला उत्तर दिले नाही’ असे सुचवले, कारण शुद्ध हरपली होती असे लिहायला कोणीही शिक्षक कचरतो. डोळे उघडे होते, मग बेशुद्ध कसा म्हणायचे, असा त्याला प्रश्न पडतो. उत्तर दिले की नाही, हे मात्र तो पाहू शकतो. तसेच ‘इजेची जागा’ या रकान्याचे आम्ही दोन भाग केले : एक ‘जखम कोठे दिसते’ आणि दुसरा ‘मार कोठे बसला’. रक्त जेथून येते तिकडे सगळ्यांचे लक्ष जाते. या मुलाच्या कपाळावरून रक्त आले म्हणून पत्रात कपाळ आले आणि कानशील राहून गेले.

‘नाही’ असलेल्या गोष्टीही लिहायच्या, हे त्यांना प्रथम विचित्र वाटले. झटका आला नाही, हे कशाला लिहायचे? पण पत्रात झटक्याचा उल्लेखच नसेल, तर तो आला नाही की कोणी पाहिले नाही, हे डॉक्टरांना कळत नाही. ‘नाही’ असे लिहिलेले असले म्हणजे कोणीतरी पाहिले होते, हे कळते.

औषधाची ओळ मला सर्वांत जिव्हाळ्याची. ‘वेदनाशामक गोळी’ या शब्दांत काय काय मावते! त्या पेटीत पॅरासिटामोलबरोबर ॲस्पिरिन असलेली गोळीही सापडली. ॲस्पिरिन मुलांना देऊच नये, आणि ते रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणून डोक्याला मार लागलेल्या मुलाला तर मुळीच देऊ नये. या मुलाला नशिबाने पॅरासिटामोलच मिळाले होते. डोकेदुखीवर ते चालते, वजनाच्या प्रत्येक किलोला पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने. बत्तीस किलोच्या या मुलाला पाचशेची गोळी जवळपास बरोबरच होती. मात्र कोणती गोळी, किती ताकदीची, किती वाजता, हे लिहिलेले नसेल तर घरी आई तासाभराने तीच पुन्हा देते, आणि वाढणारी डोकेदुखी गोळीमुळे दबली आहे की खरोखर कमी झाली आहे, हे मला ठरवता येत नाही. ओकारीवरचे औषध तर शाळेने देऊच नये. ओकारी ही आमच्यासाठी खूण आहे. ती औषधाने झाकली की वाट चुकते.

पत्राआधी दूरध्वनी, हे मुलाच्या वडिलांनी सुचवले. डोक्याला, डोळ्याला, दाताला किंवा पोटाला मार असेल, हाड वाकडे दिसत असेल, तर दप्तरातून पत्र पाठवायचे नाही. आधी बोलायचे आणि पत्र मुलाला न्यायला येणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायचे. बेशुद्धी, पुन्हा ओकारी किंवा सुस्ती दिसली तर पालकांची वाट न पाहता मुलाला थेट रुग्णालयात न्यायचे आणि वाटेवरून पालकांना कळवायचे. तसेच डोक्याला मार लागून क्षणभर जरी भांबावले असेल, तरी ते मूल त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही, मग अंतिम सामना असला तरी. हे लिहिताना क्रीडाशिक्षकांनी एक सुस्कारा टाकला, पण लिहिले.

पालकांच्या हाती असे पत्र पडले नाही आणि जुन्या वळणाचेच पडले, तर काय करावे? शाळेला दूरध्वनी करावा, पण ‘काय झाले?’ असे न विचारता ‘कोणी पाहिले?’ असे विचारावे आणि त्या व्यक्तीशीच बोलावे. पुष्कळदा ती व्यक्ती शिक्षक नसते. पाणी देणाऱ्या मावशी असतात, रिक्षावाले काका असतात, शेजारच्या बाकावरचा मित्र असतो. मित्र तर उत्तम साक्षीदार. मुलाला स्वतःला ‘कसा पडलास?’ असे विचारण्यापेक्षा ‘पडायच्या आधी काय चालले होते आणि पडल्यानंतर तुला पहिल्यांदा कोण दिसले?’ असे विचारावे. मधली गोष्ट गहाळ असेल तर लगेच कळते. आणि उत्तरे कागदावर वेळेसह लिहावीत. डॉक्टरांसमोर बसल्यावर घाबरलेल्या आईवडिलांना अर्धे आठवत नाही.

नव्या पत्राच्या तळाशी आम्ही रेघ मारून एक पट्टी ठेवली. वरच्या बाजूला घरी लक्ष ठेवण्याच्या खुणा : डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा ओकारी, जागे करूनही नीट जागे न होणे, बोलण्यात असंबद्धपणा, हातापायात अशक्तपणा, झटका. यांतील काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. खाली पालकांनी भरून परत पाठवायच्या दोन ओळी : डॉक्टरांना किती वाजता दाखवले, आणि रात्र कशी गेली. ‘डोक्याला लागलंय, त्याला झोपू देऊ नका’ हा जुना सल्ला अजून घराघरांत चालतो. थकलेल्या मुलाला रात्रभर जागे ठेवले तर सकाळी ते सुस्त आहे ते दुखण्याने की जागरणाने, हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर मुलाला नेहमीच्या वेळी झोपू द्यावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे रात्री एक-दोनदा हलवून जागे करावे. डोळे उघडून, कुरकुर करून, कूस बदलून झोपले, तर ठीक.

पुढच्या डिसेंबरात त्याच शाळेचे पत्र घेऊन आठवीतली एक मुलगी दुपारी दीड वाजता आपल्या आजोबांबरोबर आली. शंभर मीटर शर्यतीत दुसऱ्या मुलीशी टक्कर होऊन पडली होती. पत्रात लिहिले होते : वेळ १०.०५, कपाळ मातीवर आपटले, लगेच उठली आणि शर्यत पूर्ण केली, ओकारी नाही, सगळे आठवते, ११, १२ आणि १ वाजता विचारपूस केली, डोकेदुखी नाही, डबा पूर्ण खाल्ला, औषध दिले नाही. आजोबांना सीटी स्कॅन हवाच होता. गेल्या वर्षीचा प्रकार साऱ्या गावाला ठाऊक होता. “खर्चाचं बघू नका, डॉक्टर,” असे त्यांनी दोनदा सांगितले.

मी मुलीला तपासले, डोक्यावरून, कानांमागून हात फिरवला, तिला सरळ रेषेत चालायला लावले, शर्यतीत पहिली कोण आली ते विचारले. पहिली कोण आली हे तिने सांगितले आणि ती चुकीच्या सुरुवातीमुळे कशी आली, हेही सांगितले. पत्रातले तीन तास आणि माझ्यासमोरची मुलगी यांचा मेळ बसत होता. स्कॅन केला नाही. कपाळावर चिकटपट्टी लावली आणि खुणांची यादी आजोबांना मोठ्याने वाचून दाखवली. रात्री उठवायची गरज नाही, असेही सांगितले.

दोन दिवसांनी बाईंनी मला शाळेत परत आलेली पट्टी दाखवली. मुलीच्या आईने बारीक अक्षरात लिहिले होते : ‘डॉक्टरांना १.३० वाजता दाखवले. रात्री ११ वाजता व ३ वाजता उठवले. दुसऱ्या वेळी फार रागावली.’